खोकल्यासाठी ज्येष्ठमध आणि न उतरणारा रक्तदाब

‘माझे बाबा 66 वर्षांचे आहेत. चार महिन्यांपूर्वी त्यांना रक्तदाबासाठी सकाळी रामिप्रिल 5 आणि क्लोरथॅलिडोन साडेबारा अशा दोन गोळ्या सुरू झाल्या. पहिला महिना रक्तदाब 130/80 च्या आसपास होता. मग कोरडा खोकला लागला, म्हणून ते ज्येष्ठमधाची पूड सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा घेऊ लागले. त्याला आता अडीच महिने झाले. खोकला जरा कमी आहे, पण गेलेला नाही. दरम्यान रक्तदाब 158/94 झाला. डॉक्टरांनी रामिप्रिल 10 केली, तरी परवा 162/96 निघाला. पायांवर सूज आहे, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, जिना चढताना मांड्यांतलं त्राण जातं. रात्री कोलेस्टेरॉलच्या गोळीबरोबरच ते इसबगोलही घेतात. पुडीचं डॉक्टरांना सांगू या म्हटलं, तर बाबा म्हणतात, “ते काय औषध आहे का? उगाच रागावतील.” सांगायला हवं का? आणि सांगायचं तर काय काय?’
— एक मुलगी

ताई,

सांगायला हवं, आणि पुढच्या तारखेची वाट न बघता उद्याच सांगायला हवं. तुम्ही आकडे आणि तारखा दिल्यात म्हणून मला हे इतकं स्पष्ट लिहिता येतंय. पत्रावरून निदान करता येत नाही, पण तुमच्या पत्रातल्या जवळजवळ सगळ्या तक्रारी एका धाग्यात ओवता येतात आणि तो धागा ज्येष्ठमधाचा आहे.

आज एवढं करा. पूड बंद करा. ती एकदम बंद केली तरी चालते, हळूहळू कमी करत आणावी लागत नाही. रक्तदाबाच्या दोन्ही गोळ्यांना मात्र हात लावू नका. त्यातली कुठली कमी करायची, कुठली बदलायची हे डॉक्टर ठरवतील. उद्या त्यांना फोन करा आणि बाबांचं पोटॅशियम, सोडियम, क्रिएटिनिन आणि एक ईसीजी करून घ्यायचं का, असं स्वतःहून विचारा. रक्त देताना बाबांना मूठ सारखी उघडमीट करू देऊ नका. त्याने स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि खरोखर कमी असलेला आकडा बरा दिसतो. गोळे येतात म्हणून दुखण्यावरची गोळीही देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या रक्तदाब वाढवतात, आणि रामिप्रिल व क्लोरथॅलिडोन चालू असताना त्या घेतल्या तर मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो.

छातीत धडधडणं, ठोका चुकल्यासारखं वाटणं, चक्कर येऊन पडणं, धाप लागणं, खुर्चीतून उठताच न येण्याइतका अशक्तपणा, यातलं काहीही झालं तर उद्यापर्यंतही थांबू नका. जवळच्या रुग्णालयात न्या आणि दारातच सांगा, ‘रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, शिवाय अडीच महिने ज्येष्ठमध घेत होते, पोटॅशियम बघा.’

आता हे असं का होतं ते सांगते. कारण समजलं की बाबाही ऐकतील असं मला वाटतं.

ज्येष्ठमधाच्या मुळाला गोडी येते ती ग्लायसिरायझिन नावाच्या द्रव्यामुळे. ते साखरेहून कितीतरी पटींनी गोड असतं. पोटात गेल्यावर आतड्यातले जिवाणू त्यातून एक वेगळं आम्ल मोकळं करतात आणि ते रक्तात शोषलं जातं. त्या आम्लाचा परिणाम मूत्रपिंडावर होतो. मूत्रपिंडात मीठ राखून ठेवायचं की सोडून द्यायचं हे ठरवणारी कुलपं असतात, आणि त्यांची खरी किल्ली म्हणजे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक. ही किल्ली फिरली की शरीर सोडियम आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे टाकून देतं. अडचण अशी की कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरकही याच कुलपात चपखल बसतं, आणि रक्तात ते अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट असतं. म्हणून निसर्गाने तिथे एक विकर पहाऱ्याला बसवलं आहे. कॉर्टिसॉल कुलपापाशी पोचण्याआधीच ते त्याचे दात घासून बोथट करतं, म्हणजे त्याचं कॉर्टिसोन करून टाकतं. ज्येष्ठमधातलं आम्ल नेमकं या पहारेकऱ्याला निकामी करतं. मग कॉर्टिसॉलची रीघ लागते आणि सगळी कुलपं दिवसरात्र उघडी राहतात. अंगात मीठ-पाणी साठतं, सूज येते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम वाहून जातं. पोटॅशियम उतरलं की स्नायू थकतात, पोटऱ्यांत गोळे येतात आणि फारच उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं तेही औषध म्हणून ज्येष्ठमध वापरतानाच. नेदरलँड्समधले रेव्हर्स नावाचे डॉक्टर जठरातल्या व्रणासाठी ज्येष्ठमधाचा अर्क देत असत. व्रण खरोखर बरे होत होते, पण दर पाचांतल्या एका रुग्णाला चेहऱ्यावर आणि हातापायांवर सूज येऊ लागली. हे त्यांनी 1946 साली लिहून ठेवलं. पुढे ज्येष्ठमधापासून कार्बेनॉक्सोलोन हे व्रणावरचं औषध तयार झालं, तर तेही सूज, रक्तदाब आणि पोटॅशियमची घट हेच सगळं बरोबर घेऊन आलं. बाबांना सांगायची गोष्ट ही आहे. ‘ते काय औषध आहे का’ या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे. ज्येष्ठमधात गुण आहे म्हणूनच तो रक्तदाबाच्या गोळीशी भांडू शकतो.

बाबांची पूड किती होते ते बघू. सपाट भरलेला चहाचा चमचा धरला तर साधारण तीन ग्रॅम, म्हणजे दिवसाला सहा. मुळातलं ग्लायसिरायझिन जात आणि जमीन बदलली की बदलतं, शंभर ग्रॅमला दोन ग्रॅमपासून पंधरापर्यंत. आपण बेताचं चार धरू. सहा ग्रॅमचे चार टक्के म्हणजे 240 मिलिग्रॅम रोज. युरोपात रोजच्या सेवनाची वरची मर्यादा 100 मिलिग्रॅम सांगितली जाते. मुळाच्या पुडीतलं सगळंच अंगात शोषलं जात नाही आणि प्रत्येकाच्या शरीराची सहनशक्तीही वेगळी, त्यामुळे 240 म्हणजे धोका आणि 90 म्हणजे निर्धास्त असं काही नाही. स्वीडनमध्ये धडधाकट तरुण मुलामुलींना दोन आठवडे रोज 100 मिलिग्रॅम दिलं होतं. 2024 साली त्याचे निष्कर्ष आले, तर त्यांचाही वरचा रक्तदाब सरासरी तीन अंकांनी चढलेला होता. 66 वर्षांच्या, आधीपासून रक्तदाब असलेल्या माणसाला अडीच महिने त्याच्या दुपटीहून जास्त मिळालं असेल, तर 30 अंकांची चढ मला नवलाची वाटत नाही.

त्यात क्लोरथॅलिडोन. ही गोळी लघवी वाढवून मीठ-पाणी बाहेर काढते, आणि पोटॅशियमही काढते. म्हणजे ज्येष्ठमध मीठ-पाणी आत ओढतो आणि गोळी बाहेर काढते, ही झाली ओढाताण. पोटॅशियमच्या बाबतीत मात्र दोघंही एकाच दिशेने ओढतात. म्हणून मी पोटॅशियमच्या तपासणीवर इतका जोर देतेय. प्रयोगशाळेच्या कागदावर त्याची नेहमीची कक्षा साधारण 3.5 ते 5 असते. 3.5 च्या खाली आला तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. 3 च्या खाली असेल तर उशीर करू नका. 2.5 च्या खाली गेलेला माणूस रुग्णालयात हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवूनच सांभाळायचा असतो. 2020 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 54 वर्षांच्या एका माणसाची हकीकत प्रसिद्ध केली होती. तो काही आठवडे रोज ज्येष्ठमधाच्या गोळ्या-चॉकलेटांची दीड पिशवी संपवत होता. त्याचं पोटॅशियम इतकं घसरलं की हृदय थांबलं, आणि तो वाचला नाही. बाबांचं प्रमाण त्याच्या जवळपासही नाही, पण रस्ता तोच आहे.

आता रामिप्रिलचं. ती दुप्पट करूनही रक्तदाब का हलला नाही? रामिप्रिल एका साखळीवर काम करते. अंगात मीठ-पाणी कमी पडलं की मूत्रपिंड रेनिन सोडतं, त्यातून पुढे रक्तवाहिन्या आवळणारं द्रव्य तयार होतं, आणि रामिप्रिल ती साखळी मधेच तोडते. पण ज्येष्ठमधाने अंगात मीठ-पाणी भरलं की मूत्रपिंड रेनिन सोडणंच थांबवतं. साखळी आधीच थंडावलेली असते. बंद असलेला नळ आणखी आवळून काय होणार? 5 घ्या नाहीतर 10 घ्या, हाती फारसं लागत नाही. तुमच्या डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी वाढलेला आकडा बघितला आणि मात्रा वाढवली. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

खरं सांगायचं तर मी ते केलेलं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एक बाई माझ्याकडे यायच्या. रक्तदाबाची दोन औषधं चालू होती, मी तिसरं दिलं, तरी उतार नाही. पोटॅशियम कमी निघालं, तर मी पोटॅशियमचं पातळ औषध दिलं. ‘दुसरं काही औषध घेता का?’ असं प्रत्येक वेळी विचारलं आणि त्यांनी प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हटलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. एकदा बोलता बोलता त्यांनी पिशवीतून ज्येष्ठमधाची कांडी काढून दाढेखाली धरली, तेव्हा मला कळलं. गाण्याच्या रियाजासाठी त्या वर्षभर दिवसभर ती चघळत होत्या. औषध म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर गोळी आणि बाटली यायची. तेव्हापासून मी ‘औषध’ हा शब्द वापरतच नाही. मी विचारते, ‘घशासाठी, पोटासाठी, झोपेसाठी, सांध्यांसाठी घरच्या घरी काय काय घेता? काय चघळता, काय उकळून पिता?’ बाबांच्या डॉक्टरांनी असं विचारलं नसेल तर त्याचं उत्तर तुम्ही न विचारता द्या.

आणि यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच आहे. बाबा ज्येष्ठमध घेतात एवढंच सांगून भागणार नाही. ते कशासाठी घेतात तेही सांगा. कोरडा खोकला हा रामिप्रिलचा नेहमीचा त्रास आहे. ही गोळी शरीरातल्या ज्या विकराला अडवते, तेच विकर ब्रॅडिकायनिन नावाच्या द्रव्याचाही निचरा करत असतं. निचरा थांबला की ते श्वासमार्गात साठतं आणि घशाशी खवखव होऊन खोकला येतो. ठसका येतो, बेडका पडत नाही, ताप नसतो, रात्री आडवं झालं की जास्त. रामिप्रिल, एनालाप्रिल, पेरिंडोप्रिल अशी ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असतं त्या साऱ्यांचं हेच. दहांतल्या एखाद्याला हा खोकला होतो, आणि गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी होतो, म्हणून गोळीशी त्याचा संबंध जोडायचं सुचत नाही.

आता बाबांचा क्रम बघा. रामिप्रिल सुरू झाली. महिन्याभराने कोरडा खोकला आला. खोकल्यासाठी ज्येष्ठमध आला. ज्येष्ठमधाने रक्तदाब चढवला. चढलेल्या रक्तदाबासाठी रामिप्रिल दुप्पट झाली. आणि रामिप्रिल चालूच आहे म्हणून, मला वाटतं, अडीच महिन्यांत खोकला गेलेला नाही. एका गोळीचा त्रास झाकायला दुसरं काही, आणि त्याचा त्रास झाकायला पहिल्या गोळीचा डोस. हा फेरा तोडायचा तर दोन्ही टोकं डॉक्टरांच्या समोर हवीत. नुसती पूड सांगितली आणि खोकल्याचं राहिलं, तर पूड जाईल, खोकला राहील आणि महिन्याभरात त्या जागी दुसरं काहीतरी येईल. दोन्ही सांगितलं तर डॉक्टर बहुधा रामिप्रिलच्या जागी टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनच्या जातीची गोळी देतील. त्या गोळ्यांनी असा खोकला सहसा होत नाही.

पायांच्या सुजेबद्दल एक शब्द. काही रक्तदाबाच्या गोळ्यांनीही पाय सुजतात, विशेषतः अम्लोडिपिनने. ती बाबांना नाही असं पत्रावरून दिसतं, पण रामिप्रिल वाढवताना एकत्रित गोळी दिली गेली असेल तर पाकिटावरचं बारीक नाव वाचून खात्री करून घ्या. अम्लोडिपिनच्या सुजेत रक्तदाब उतरलेला असतो आणि पोटॅशियम ठीक असतं. ज्येष्ठमधाच्या सुजेत रक्तदाब चढलेला, पोटॅशियम उतरलेलं आणि वजनही दोन-तीन किलोंनी वाढलेलं दिसू शकतं. हृदय किंवा मूत्रपिंड थकल्यानेही सूज येते, म्हणून बाबांना तपासून बघणं टळत नाही. माझ्या अंदाजावर विसंबून ती भेट टाळू नका.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्या. डावीकडे तारखा लिहा, वरून खाली. पहिल्या ओळीत गोळ्या सुरू झाल्याचा दिवस आणि तेव्हाचा रक्तदाब. मग खोकला सुरू झाला तो आठवडा. मग पूड सुरू केली तो दिवस, नेमका आठवत नसेल तर डबा कधी आणला त्यावरून काढा. मग 158/94 ची तारीख, रामिप्रिल वाढवल्याची तारीख, परवाचा आकडा, सूज आणि गोळे पहिल्यांदा जाणवले ते दिवस. हा कागद डॉक्टर अर्ध्या मिनिटात वाचतील, आणि तोंडी सांगताना जे मागेपुढे होतं ते त्यात होणार नाही. पुडीचा डबा आणि बाबा ज्या चमच्याने घेतात तो चमचासुद्धा न्या. चमच्याचं हसू येईल, पण ‘एक चमचा’ म्हणजे कुणाचा तीन ग्रॅम तर कुणाचा शीग लावलेला सहा ग्रॅम असतो. नुसती पूड आहे की त्यात आणखी काही मिसळलेलं आहे, तेही डब्यावरून कळेल. गोळ्यांची पाकिटंही घ्या, त्यात इसबगोल आणि कोलेस्टेरॉलची गोळी धरून.

सुरुवात कशी करायची हेच अवघड वाटत असेल तर सरळ असं म्हणा: ‘डॉक्टर, मागच्या वेळी एक सांगायचं राहिलं. रामिप्रिल सुरू केल्यावर महिन्याभराने बाबांना कोरडा खोकला लागला. त्यासाठी ते अडीच महिने रोज दोन चमचे ज्येष्ठमधाची पूड घेत होते. कालपासून बंद केली आहे. पूड सुरू केल्यापासूनच रक्तदाब चढलाय, पाय सुजलेत, गोळे येतात. पोटॅशियम बघायचं का? आणि खोकला गोळीमुळे असेल का?’ एवढ्यात सगळं आलं. काय, किती, कधीपासून, कशासाठी आणि त्यानंतर काय बदललं.

बाबांच्या भीतीला मी हसणार नाही. डॉक्टर रागावतात, हे खरं आहे. आमच्यातले काही जण घरगुती उपायाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालतात, आणि मग लोक सांगणं सोडून देतात. त्यात नुकसान रुग्णाचं होतं आणि चूक आमची असते. बाबांना सांगा की ही माहिती मिळाली तर डॉक्टरांचंच कोडं सुटणार आहे. ती मिळाली नाही तर ते पुढच्या भेटीत तिसरी गोळी लिहितील, आणि तीही निष्कारण. आणि रागावलेच, तर ते दोन मिनिटं रागावतील. पूड एखाद्या वैद्यांनी दिलेली असेल तर त्यांनाही रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं दाखवा. रक्तदाब असलेल्याला ज्येष्ठमध जपून द्यायचा हे जाणकार वैद्यांना ठाऊक असतं, फक्त गोळ्या चालू आहेत हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं.

इसबगोलचा प्रश्न सोपा आहे. तो रक्तात जात नाही, कुणाशी भांडत नाही. तो आतड्यात फुगून लुसलुशीत होतो आणि त्याच वेळी पोटात असलेली गोळी त्यात अडकून नीट शोषली जात नाही, एवढंच. बंद करायची गरज नाही. कोलेस्टेरॉलची गोळी आधी, इसबगोल त्यानंतर दोन तासांनी, आणि पेलाभर पाण्याबरोबर. पुढे कधी थायरॉइडची गोळी सुरू झाली तर तिच्यात आणि इसबगोलात चार तासांचं अंतर ठेवा.

पूड बंद केल्यावर लगेच उद्या रक्तदाब उतरेल अशी आशा धरू नका. ते आम्ल पित्तावाटे आतड्यात येतं आणि तिथून पुन्हा शोषलं जातं, त्यामुळे अंगात रेंगाळतं. पहारेकरी विकर पूर्ववत व्हायला एक-दोन आठवडे लागतात, कधी जास्त. थंडावलेल्या रेनिनची साखळी मूळ पदावर यायला तर काही महिनेही लागू शकतात. या काळात दोन उलट गोष्टी होऊ शकतात आणि त्यांची कल्पना असलेली बरी. एक, ज्येष्ठमधाचा जोर ओसरला की वाढवलेली मात्रा अचानक जास्त होऊ शकते. उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा वरचा आकडा 110 च्या खाली जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. दुसरं, रामिप्रिल मुळात पोटॅशियम धरून ठेवणारी गोळी आहे. म्हणून पोटॅशियम कमी निघालं तरी ते भरून काढायला स्वतःच्या मनाने पोटॅशियमच्या पुड्या किंवा ‘कमी सोडियम’चं मीठ सुरू करू नका, त्या मिठात पोटॅशियमच घातलेलं असतं. डॉक्टरांनी लिहून दिलं तर मोजून घ्या, आणि आठवड्याभराने पुन्हा तपासा.

घरी रक्तदाब सकाळी गोळ्यांआधी आणि संध्याकाळी मोजा. पाच मिनिटं पाठ टेकून बसल्यावर, त्याच हातावर, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. आकडे त्याच कागदावर खाली लिहीत जा. चार ते सहा आठवडे पूड पूर्ण बंद असूनही रक्तदाब चढाच राहिला आणि पोटॅशियम सारखं घसरत राहिलं, तर डॉक्टर रेनिन आणि अल्डोस्टेरॉन मोजतील. ज्येष्ठमधामुळे असेल तर दोन्ही कमी असतात. रेनिन कमी आणि अल्डोस्टेरॉन जास्त निघालं तर दोष मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत शोधायचा, आणि ते वेगळं प्रकरण आहे.

खोकल्याचं मात्र धीराने घ्यावं लागेल. डॉक्टरांनी रामिप्रिल बदलली तरी तो दुसऱ्या दिवशी जात नाही. बहुतेकांचा एक ते चार आठवड्यांत जातो, एखाद्याला तीन महिने लागतात. त्यानंतरही राहिला, किंवा मधेच बेडका, ताप, वजन घटणं असं काही दिसलं, तर छाती तपासून घ्यायची. तोपर्यंत बाबांना घशासाठी काहीतरी हवंसं वाटेल. खोकल्याच्या गोळ्या, काढे, वनस्पतींचे चहा, मुखवास या सगळ्यांत ज्येष्ठमध गोडीसाठी घातलेला असू शकतो, आणि तंबाखूतही असू शकतो. वेष्टनावर तो याच नावाने असेल असंही नाही. यष्टिमधु, मधुक, मुलेठी, लिकोराइस, ग्लायसिरायझा ग्लाब्रा, यांतलं कुठलंही नाव दिसलं तर ती वस्तू परत ठेवा, आणि घशासाठी नुसतं कोमट पाणी चालेल.